भाकर आहे, फी नाही

तालुक्याच्या बसस्टँडसमोर एक दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म सगळं तिथं होतं. जून-जुलैत तिथं पोरांची रांग लागते. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमधी एक अर्ज तयार ठेवलेला असतो. नाव बदलायचं, गाव बदलायचं, वीस रुपये द्यायचे, झालं. त्या अर्जातलं पहिलं वाक्य मला आता पाठ झालंय. 'मी अत्यंत गरीब व होतकरू विद्यार्थी असून माझ्या घरची परिस्थिती अतिशय हलाखीची आहे.' दुसऱ्या वाक्यात वडील मोलमजुरी करतात. तिसऱ्यात कसंबसं पोट भरतं. शेवटी 'तरी माझ्यावर उपकार करून मला उपकृत करावे ही नम्र विनंती.'

आमच्या गल्लीतली एक पोर मागल्या पावसाळ्यात हाच कागद घेऊन माझ्याकडं आली. म्हणली, "तात्या, सही करायच्या आधी एकदा वाचा. शुद्धलेखन बघा फकस्त." मी वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं. बाकी सगळं चूक होतं.

मी काही शिकलेला माणूस नाही. दहावी झालो आणि नांगर धरला. पण चार ओळी लिहिता येतात म्हणून तीस-पस्तीस वर्षं गावातल्या लोकांचे अर्ज लिहीत आलोय. विहिरीचे, वीजजोडणीचे, फेरफाराचे. त्यात एक गोष्ट कळली, की अर्ज वाचणाऱ्याला तुमचं रडणं नको असतं, त्याला गट नंबर पाहिजे असतो. मग पोरांनीच का रडावं? आणि त्यांना रडायला लावणारं आपण सगळे कोण?

ह्या विषयावर माझं डोकं तापतं त्याला जुनं कारण आहे, ते आधी सांगतो.

बाहत्तरचा दुष्काळ मी बारा वर्षांचा असताना बघितला. पुढं चार वर्षांनी दहावी पास झालो. तेव्हा नवा दहावीचा नमुना नुकताच सुरू झालेला. पुढं शिकायचं तर शहरात राहायला पाहिजे होतं. शहरात एका धर्मादाय संस्थेचं वसतिगृह होतं. तिथल्या माणसानं मला कोरा कागद दिला आणि तोंडी मजकूर सांगितला, 'लिही, आम्ही दोन-दोन दिवस उपाशी झोपतो.' मी लिहिलं. मला काय, कॉलेज पाहिजे होतं. खाली वडलांचा अंगठा लागत होता. घरी आलो, कंदिलाच्या उजेडात त्यांना वाचून दाखवलं. वडील निरक्षर होते पण कान तिखट होते. म्हणले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. म्हणले, "आपण कधी उपाशी झोपलो? दुष्काळात खडी फोडली, मिलो खाल्ली, पण उपाशी झोपलो नाही. भाकर आहे. फी नाही. असं लिही." मी म्हणलं, "असं लिहिलं तर घेत नाहीत." "मग नको घेऊ दे." अंगठा दिला नाही. कागद वळचणीला खोचला, तो तिथंच उंदरांनी खाल्ला.

लोक ही गोष्ट ऐकून माझ्या वडलांचं कौतुक करतात. मी पूर्ण करत नाही. वडील बरोबर होते पण अर्धेच. खोटं लिहायचं नाही हे त्यांना कळलं, पण खरं लिहून मागायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मलाही नव्हतं. 'भाकर आहे, फी नाही' हेच वाक्य घेऊन, खाली फीचा आकडा टाकून मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी पन्नास वर्षं करतोय. इज्जत म्हणजे गप्प बसणं, असं आपल्याकडं मानलं जातं. दुकानातला अर्ज आणि माझ्या वडलांचं गप्प बसणं ह्या दोन्हीत पोराचं नुकसानच आहे.

तर त्या पोरीकडं येतो. मी तिला विचारलं, "तू होतकरू आहेस हे तू कसं सांगतीस? ते त्यांनी ठरवायचं. आणि हलाखी म्हणजे किती रुपये?" ती गप्प झाली. मग म्हणली, "तात्या, दुकानवाला म्हणतो असंच लिहायचं असतं." ह्या 'असंच असतं' नं आपली किती पिढ्यांची माती केली, त्याचा हिशोब वेगळा.

मी म्हणलं, वही आण. हिशोब कर. तिनं आधी शेवटचा आकडा लिहायला घेतला, 'पन्नास हजार मिळावेत.' का पन्नास? तर गोल आकडा. इथंच पहिला घोटाळा असतो. गोल आकडा मागितला की वाचणाऱ्याला कळतं, ह्यानं हिशोब केलेला नाही.

तिला कृषी पदवीला प्रवेश मिळालेला. चार वर्षांचं शिक्षण. आता इथं बऱ्याच जणांना माहीत नसतं अशी एक गोष्ट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, केंद्रीभूत पद्धतीनं व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या, ठरलेल्या प्रवर्गातल्या आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. ती त्यात बसत होती. म्हणजे फीसाठी पैसे मागणारा तिचा अर्ज मुळातच चुकीचा होता. संस्थेतला कुणी जाणकार असेल तर पहिल्याच फटक्याला म्हणला असता, फी तर माफ आहे, ही पोर खोटं बोलती. आणि पोर खोटं बोलत नव्हती, तिला खरंच पैसे कमी पडत होते. पण कुठं कमी पडत होते ते तिनं लिहिलंच नव्हतं.

कुठं पडत होते? आम्ही ओट्यावर बसून काढलं. वसतिगृह आणि कॉलेजची बाकीची किरकोळ शुल्कं मिळून १४,००० रुपये. मेस महिना ३,२००, दहा महिने, म्हणजे ३२,०००. पुस्तकं, प्रात्यक्षिकाच्या वह्या, पांढरा कोट, ६,०००. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे, एका बाजूचे १३० रुपये, वर्षात आठ फेऱ्या जाऊन-येऊन, २,०८०. मोबाइल, साबण, औषधपाणी महिना ५०० धरून ५,०००. बेरीज ५९,०८०. मग घरातून काय निघतंय? बाप सोयाबीन विकून २०,००० देतो म्हणला. मामा ५,०००. आणि तिनं स्वतः उन्हाळ्यात वीस दिवस खुरपणी-वेचणी केलेली, ३०० रोजानं ६,०००. हे झाले ३१,०००. कमी पडतात २८,०८०. वरचे ऐंशी रुपये सोड म्हणलं. अठ्ठावीस हजार माग.

ती म्हणली, "पन्नासच्या जागी अठ्ठावीस? कमी मागून कमी मिळालं तर?" मी म्हणलं, पन्नास मागणारे शंभर असतील. अठ्ठावीस का पाहिजेत हे सांगणारी तू एकटी असशील.

ह्यात आणखी एक गोष्ट शेतकऱ्याशिवाय कुणाच्या ध्यानात यायची नाही. पैसा किती हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच तो कधी पाहिजे हेही. मेसचा आणि वसतिगृहाचा पैसा भरायचा ऑगस्ट-सप्टेंबरला. सोयाबीन घरात येतं दसऱ्याच्या आसपास, विकून पैसा हातात पडतो दिवाळीला. बरीच पोरं हितंच मरतात. सावकाराचे दहा हजार ह्याच दोन महिन्यांसाठी काढले जातात आणि सोयाबीन आलं की आधी तो उचलून नेतो. म्हणून तिनं अर्जात हप्ते मागितले, सप्टेंबरात १६,००० आणि जानेवारीत १२,०००.

मग उत्पन्नाच्या दाखल्याचा तिढा निघाला. दाखल्यावर ७२,०००. आम्ही हिशोब केला तर गेल्या सालचं उत्पन्न निघालं ९७,२००. दुकानदाराचा सल्ला होता, अर्जात बहात्तरच टाका, कशाला वाढवता. मला हे पटलं नाही. इज्जतीचा मुद्दा बाजूला ठेवा, नुसत्या शहाणपणानंही ते चूक आहे. अर्जातला आकडा आणि खालचा हिशोब जुळला नाही की सगळ्याच कागदावरचा विश्वास उडतो. मग फरक का आहे ते शोधलं. दाखला आदल्या सालच्या पिकावर होता. त्या साली पावसानं मोठी उघडीप दिली, तीन एकरांत पंधराच क्विंटल सोयाबीन झालं. ४,२०० नं त्याचे ६३,०००. बियाणं, खत, तणनाशक, काढणी, मळणी मिळून एकरी सतरा हजार, म्हणजे खर्च ५१,०००. उरले बारा. आईची मजुरी ११० दिवस ३०० नं ३३,००० आणि बापाची ६० दिवस ४५० नं २७,०००. झाले बरोबर ७२,०००. गेल्या सालाला एकरी सात क्विंटल पडलं. एकवीस क्विंटलचे ८८,२००, खर्च तेवढाच, उरले ३७,२००. मजुरी धरून ९७,२००. दोन्ही आकडे खरे. फॉर्मवर 'मासिक उत्पन्न' असा रकाना असतो, त्याच्यापुढं कोरडवाहू शेतकऱ्यानं काय लिहावं हे तो रकाना करणाऱ्यालाच विचारा. आम्ही बारानं भागलं नाही. 'मासिक नाही, हंगामी आहे, हिशोब सोबत' असं लिहिलं.

आता 'ध्येय'. दुकानातल्या अर्जात ध्येय होतं, 'उच्च शिक्षण घेऊन देशाची सेवा करणे.' मी म्हणलं, देश मोठा आहे, तुझ्या बापाच्या शेतापासून सुरू कर. तू कृषीलाच का चाललीस? तेव्हा तिनं सांगितलं ते ऐकून मीच सरळ होऊन बसलो. ती अकरावीत असताना जुलैत त्यांचं सोयाबीन पिवळं पडलं. बाप औषधाच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणला, पिवळा मोझॅक आहे, पांढरी माशी मारा. दोन फवारण्या झाल्या, साडेचार हजार गेले. पिवळेपणा होता तिथंच. हिनं पानं तोडून वहीत ठेवली. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. मोझॅकमधी पानावर पिवळे-हिरवे चट्टे पडतात, हे तिनं नंतर कृषी सहायकाकडून ऐकलं. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की पिकाला लोह उचलता येत नाही, त्याचं हे लक्षण. फेरस सल्फेटच्या फवारणीवर भागलं असतं, तेही थोडक्यात. "तात्या, आमच्या गावात ही पानं बघून सांगणारं माणूस नाही. मला माती शिकायची आहे." अहो, एवढं हातात असताना पोर देशसेवा लिहून चाललेली!

तिनं मग स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. मी फक्त दोन ठिकाणी काना-मात्रा बघितला. तिची परवानगी घेऊन त्यातला मुख्य भाग देतो:

'मी कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. बारावीला मला ७८ टक्के गुण आहेत. भौतिकशास्त्रात ५२ आहेत, ते कमी आहेत हे मला माहीत आहे. त्या विषयाला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात निम्मे वर्ष शिक्षक नव्हते, पण रसायनशास्त्र मी स्वतः पुस्तकावरून केले आणि त्यात ८४ आहेत.

वडील चौथीपर्यंत शिकले आहेत. आई शाळेत गेलेली नाही. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. त्यामुळे काही चुका माझ्याकडून झाल्या. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत मी तीनच महाविद्यालये पसंतीत भरली, जास्त भरता येतात हे सांगणारे कोणी नव्हते. दुसऱ्या फेरीत मी ते दुरुस्त केले.

आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. घरात आम्ही पाच जण आहोत. आम्हाला दोन वेळचे जेवण मिळते. शिक्षण शुल्क शासन भरणार आहे, त्यासाठी मी मदत मागत नाही. राहणे, जेवण, पुस्तके आणि प्रवास यांचा वर्षाचा खर्च ५९,०८० रुपये आहे. त्यातले ३१,००० आम्ही जमा करतो, त्यात माझ्या मजुरीचे ६,००० आहेत. कमी पडतात ते २८,००० मी आपल्याकडे मागत आहे. हिशोब सोबत जोडला आहे. उत्पन्नाच्या दाखल्यातील आकडा व हिशोबातील आकडा वेगळा का आहे, ते हिशोबाखाली लिहिले आहे.

वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी महाडीबीटीवर माझा अर्ज केलेला आहे. ते पैसे आले तर मी आपल्याला कळवीन, तेवढी रक्कम आपण कमी करावी.

मला मृदाशास्त्र शिकायचे आहे. आमच्या सोयाबीनच्या पिवळ्या पानांवर चुकीचे औषध फवारून ४,५०० रुपये गेले, तेव्हा हे ठरवले. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका मी आपल्याला पाठवीन. नापास झाले तर तेही कळवीन.'

एवढंच. 'उपकार' शब्द नाही. 'गरीब' शब्द नाही. 'आम्हाला दोन वेळचे जेवण मिळते' हे वाक्य तिनं लिहिलं तेव्हा मी उठून आत पाणी प्यायला गेलो. तिला माझ्या वडलांची गोष्ट मी सांगितलेली नव्हती.

आता जे देतात त्यांच्याशी दोन शब्द बोलायचेत, कारण निम्मा दोष त्यांचा आहे. तुम्ही फॉर्मवर छापता, 'आपल्या घरची करुण परिस्थिती थोडक्यात लिहा.' मग पोरं करुण लिहितात. बाप मेलेला असेल तर त्याचं मरण लिहितात. फास घेतलेला असेल तर तेही, दोरासकट. सतरा वर्षांच्या लेकराला बापाचं मरण विकायला लावून तुम्ही काय मोजता? कुणाला जास्त गरज आहे ते? ते रडण्यावरून कळत नाही, ज्याला चांगलं लिहिता येतं तो चांगला रडतो. ज्याच्या घरात कुणी शिकलेलंच नाही त्याला तेही जमत नाही. मग स्टेजवर बोलावून, पुठ्ठ्याचा मोठा धनादेश हातात देऊन फोटो. ते पोर पुढं साहेब झालं तरी तो फोटो तालुक्याच्या पेपरात तसाच राहतो.

कुणी म्हणेल, देणारा आपल्या खिशातलं देतो, त्यानं चार प्रश्न विचारले तर बिघडलं कुठं? विचारावेत. दहा विचारावेत. पैसा कुठं लागणार, गुण का कमी, घरचे किती घालतात, हे सगळं विचारावं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले. त्याच्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार लिहून घेतला. हा व्यवहार झाला. एकानं पैसा घातला, दुसऱ्यानं शब्द दिला. पुढं बाबासाहेब नोकरीला गेले तेव्हा बडोद्यात त्यांना जातीमुळं राहायला जागा मिळाली नाही आणि ती नोकरी टिकली नाही, तो दोष करार करणाऱ्या तरुणाचा नव्हता, त्या शहराचा होता. पण कराराला कागद पुरतो, आसवं लागत नाहीत, एवढंच मला म्हणायचंय.

आणि आपल्या लोकांनाही सांगतो. पोरगी मदत मागती म्हणल्यावर तिच्या चुलत्यानं भावकीत बोभाटा केला, "घराण्याचं नाव घालवलं." हाच चुलता पीकविम्याला, अनुदानाला, कर्जमाफीला सगळ्यात पुढं रांगेत असतो. तिथं घराणं आडवं येत नाही.

दोन संस्थांना पत्र गेलं. एकीकडून उत्तर आलं नाही. दुसरीनं भेटायला बोलावलं. तिघंजण बसलेले. एका बाईंनी विचारलं, "बाळ, घरी खायचे हाल असतील ना?" ही म्हणली, "नाही मॅडम, लिहिलंय त्यात." बाईंनी कागद पुन्हा चाळला. दुसरे एक गृहस्थ हिशोबच बघत बसले होते, ते म्हणले, "मेस ३,२०० मध्ये होते का आता?" तिनं मेसची पावती काढून दिली. बाकीचं बोलणं पिवळ्या पानांवर झालं. अठ्ठावीस हजार मंजूर झाले, मागितले तसे दोन हप्त्यांत.

डिसेंबरात निर्वाह भत्त्याचे आठ हजार तिच्या खात्यात आले. तिनं त्याच दिवशी संस्थेला लिहिलं, जानेवारीचा हप्ता बाराच्या जागी चारच पाठवा. तिथल्या कारकुनाचा तिला फोन आला. बिचारा गोंधळून गेलेला. म्हणला, "ताई, मंजूर रक्कम कमी करून द्या असं पत्र आमच्या फायलीत आजवर आलेलं नाही. ह्याला कुठला फॉर्म लावायचा?"

तिनं मला विचारलं. मी म्हणलं, साध्या कागदावर लिही.